लेखांक ७ : ग्लायडर का थांबला?

आज ग्लायडर सोडणाऱ्या बंदुकीबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण सांगलीच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. हे गृहस्थ निवृत्त गणितशिक्षक. गेल्या लेखातला ग्लायडर त्यांनी आलेखकागदावर काढला, नियमाप्रमाणे पिढ्या मोजल्या आणि दुसऱ्याच फेरीला त्यांच्या हाती चार घरांचा चौकोन आला. तो काही केल्या हलेना. ‘तुमचा ग्लायडर चालत नाही, बसतो,’ असं त्यांनी लिहिलं आहे. सोबत कागदही जोडला आहे, खोडरबरच्या खुणांसकट. उत्तर त्या खुणांतच आहे.

गेल्या वेळची आकृती पुन्हा देतो. # म्हणजे जिवंत घर, ठिपका म्हणजे रिकामं.

```
. # .
. . #
# # #
```

नियम आठवत असतीलच: जिवंत घराला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर ते टिकतं, नाहीतर मरतं, रिकाम्या घराला नेमके तीन असतील तर तिथे जन्म होतो. शेजारी आठ, तिरके धरून.

शिक्षकांनी डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एकेक घर तपासत नेलं. पहिल्या ओळीतल्या एकट्या घराला एकच शेजारी, म्हणजे ते मरणार. त्यांनी ते लगेच खोडलं. इथेच घोटाळा झाला. दुसऱ्या ओळीतल्या डावीकडच्या रिकाम्या घराला खरं तर तीन शेजारी होते: वरचं ते एक आणि खालच्या ओळीतली डावी दोन. तिथे जन्म व्हायला हवा होता. पण वरचं घर आधीच खोडलेलं, त्यामुळे मोजणी दोनावर आली आणि जन्म हुकला. तिसऱ्या ओळीत तेच पुन्हा झालं. डावं टोक मेलं, ते खोडलं, आणि चौथ्या ओळीत मधोमध जे घर जन्मायचं त्याचा एक शेजारी गेला. फेरी संपली तेव्हा कागदावर तीनच घरं उरली होती, काटकोनात:

```
. #
# #
```

या काटकोनातल्या रिकाम्या कोपऱ्याला बरोबर तीन शेजारी आहेत. पुढच्या फेरीत तो भरतो आणि चौकोन तयार होतो. चौकोनातल्या प्रत्येक घराला तीन शेजारी, म्हणून कुणी मरत नाही. बाहेरच्या कुठल्याही रिकाम्या घराला चौकोनातली जास्तीत जास्त दोनच घरं लागतात, म्हणून कुणी जन्मत नाही. असा चौकोन कुणी बाहेरून छेडेपर्यंत तसाच राहतो.

चूक बेरजेत नव्हती, वेळेत होती. इथल्या सगळ्या घरांचा निकाल एकाच क्षणी लागतो, आणि तो जुन्या चित्रावरून लागतो. २०११ च्या जनगणनेत १ मार्चच्या शून्य तासाला देशात कोण होतं ते मोजलं गेलं. प्रगणक दारात केव्हा पोचला याला महत्त्व नव्हतं. तसंच हे. एक घर खोडून मग पुढच्याकडे वळलात, तर अर्धी पिढी जुनी आणि अर्धी नवी अशी खिचडी होते. हीच आकृती शिक्षकांनी उलट दिशेने, खालून वर आणि उजवीकडून डावीकडे तपासत नेली असती, तर तीनाऐवजी पाच घरं उरली असती. तपासण्याचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, हेच या चुकीचं लक्षण.

या खेळाचे नियम रचणाऱ्या कॉन्वेला हा धोका माहीत होता. केंब्रिजमध्ये तो आणि त्याची मंडळी गो या खेळाच्या पटावर सोंगट्या मांडून पिढ्या काढत. मार्टिन गार्डनरने ऑक्टोबर १९७० च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये हा खेळ जगापुढे आणला, तेव्हा पद्धतही सांगितली: जी काळी सोंगटी मरणार तिच्यावर दुसरी काळी ठेवा, जिथे जन्म होणार तिथे पांढरी ठेवा, आणि पूर्ण पट तपासून झाल्यावरच मेलेल्या जोड्या उचलून पांढऱ्यांच्या जागी काळ्या मांडा. कागदावर हेच करायचं तर मरणाऱ्या घरावर बारीक फुली, जन्मणाऱ्यात ठिपका, आणि खोडरबर शेवटपर्यंत हातात घ्यायचा नाही. मी तर दरवेळी नवी चौकट काढतो. कागद जातो, पण मागची पिढी डोळ्यांसमोर राहते.

असं केलं की ग्लायडर चालतो. चारी पिढ्या अशा:

```
.#..   ....   ....   ....   ....
..#.   #.#.   ..#.   .#..   ..#.
###.   .##.   #.#.   ..##   ...#
....   .#..   .##.   .##.   .###
```

डावीकडचं पहिलं चित्र आणि उजवीकडचं शेवटचं ताडून पाहा. आकार तोच, एक घर खाली आणि एक घर उजवीकडे सरकलेला. मधलं, म्हणजे दोन पिढ्यांनंतरचं चित्र, पहिल्याचंच प्रतिबिंब आहे: तिरक्या रेषेवर पालथं केलेलं आणि एक ओळ खाली आलेलं. असं दोनदा पालथं झालं की मूळ आकार पुन्हा सुलटा होतो.

मला यातली गंमत वाटते ती जन्ममृत्यूच्या हिशोबाची. दर पिढीला नेमकी दोन घरं मरतात आणि नेमकी दोन जन्मतात, म्हणून संख्या पाचावर राहते. पहिल्या पिढीत दोन जुनी घरं गेली, दुसरीत एक, तिसरीत एक, चौथीत शेवटचं. चार पिढ्यांनी सुरुवातीच्या पाचांपैकी एकही घर सलग जिवंत राहिलेलं नसतं. म्हणजे सरकलं असं काहीच नाही. घरं आपापल्या जागी जन्मली आणि तिथेच मेली. पुढे गेली ती फक्त त्यांची मांडणी.

हा चालणारा जीव कुणी मुद्दाम घडवला नव्हता. रिचर्ड गाय हा गणिती पाच घरांच्या एका दुसऱ्याच आकाराचा पाठलाग करत होता. त्या आकाराला आर-पेंटोमिनो म्हणतात, आणि तो ११०३ पिढ्या धुमसत राहतो. ६९ व्या पिढीला त्या गर्दीतून एक तुकडा सुटून निघतो, तोच ग्लायडर. सगळं शांत होतं तेव्हा मागे आठ चौकोन आणि इतर काही आकार उरतात आणि सहा ग्लायडर बाहेर पडलेले असतात; सगळे मिळून ११६ घरं. हातमोजणीत एका घराची चूक झाली असती, तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. म्हणून सोंगट्यांच्या त्या शिस्तीला मी फार मानतो.

शिक्षकांना आणखी एक सांगायचं आहे. नियम अचूक पाळूनही ग्लायडरचा चौकोन होऊ शकतो. त्याच्या तळाची ओळ कागदाच्या कडेला टेकली की पुढच्या पिढीत जे घर जन्मायचं त्याला जागाच नसते. करून पाहा: पुढच्या दोन पिढ्यांत तोच तीन घरांचा काटकोन उरतो, तिसरीत चौकोन. तेव्हा कागदावर चौकोन दिसला की तो कुठे आहे ते आधी पाहा. कडेला चिकटलेला असेल तर कागद अपुरा पडला. मधोमध असेल तर खोडरबर आधी फिरला.

कागदाचा हा प्रश्न बंदुकीला फारच सतावतो. एमआयटीतल्या बिल गॉस्परच्या गटाने नोव्हेंबर १९७० मध्ये शोधलेली ती बंदूक सुरुवातीला ३६ घरांची, ३६ बाय ९ च्या पट्टीत मावणारी. पण दर ३० पिढ्यांनी ती एक नवा ग्लायडर सोडते आणि त्या सगळ्यांना पुढे जायला जागा लागते. कॉन्वेने लावलेलं ५० डॉलरचं बक्षीस तिच्यामुळेच गेलं. पुढच्या आठवड्यासाठी किमान चार आलेखकागद चिकटवून ठेवा.