एका पाकिटाचं भाषांतर

बियाण्याच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला जेमतेम पाच-सहा ओळी असतात. बी किती खोल पेरायचं, दोन रोपांत किती अंतर ठेवायचं, पाणी किती द्यायचं. या ओळींत ना कर्ता-कर्माचा घोळ, ना वाक्प्रचार. म्हणून अशा पाकिटाचा फोटो पाहून त्याचं भाषांतर करणं अगदी सोपं असेल, असं आम्हांलाही आधी वाटलं होतं.

आमच्यापुढे होता भेंडीच्या पाकिटाचा मोबाइलवर काढलेला फोटो. मजकूर इंग्रजीत होता आणि तो इजिप्तमधल्या शेतकऱ्यांसाठी अरबीत करायचा होता. भेंडीला अरबीत म्हणतात 'बामिया'. मजकूर साधारण असा : खोली १/२-१ इंच, अंतर २८ × १२ इंच, एका जागी दोन बिया, उगवल्यावर एकच रोप ठेवावं, आठवड्याला १ इंच पाणी, एकरी बियाणं अडीच किलो. या प्रत्येक ओळीपाशी आम्ही अडलो, आणि दर वेळी अडचण शब्दांची नव्हतीच. ती होती आकड्यांची आणि मापांची.

पहिली अडचण भाषांतराच्याही आधीची, म्हणजे फोटो वाचण्याची. पाकीट दुमडलेलं होतं आणि घडी नेमकी खोलीच्या आकड्यावर आली होती. १/२ मधली तिरकी रेघ पुसट झाल्यामुळे आमच्यापैकी एकाने ते '१२-१' असं वाचलं. बारा ते एक इंच असं कोणी लिहिणार नाही, म्हणून त्याने समजूतदारपणे त्याची दुरुस्ती केली : '१ ते २ इंच'. आता हे वाचायला अगदी ठीक वाटतं, आणि धोका तिथेच आहे. अशक्य आकडा कोणाच्याही डोळ्यांत खुपतो. शक्य वाटणारा चुकीचा आकडा मात्र निमूटपणे शेतापर्यंत पोचतो.

दोन इंच म्हणजे पाच सेंटिमीटर. नाईल नदीच्या खोऱ्यातली जुनी शेतजमीन चिकण गाळाची आहे. पाणी दिल्यावर सुकताना तिच्यावर कडक पापुद्रा धरतो. बियात साठवलेलं अन्न कोंबाला उजेडापर्यंत नेण्यापुरतं असतं. पाच सेंटिमीटर माती आणि वर पापुद्रा, एवढं ओलांडण्याआधीच ते संपलं तर कोंब मातीतच मरतो. शेतकऱ्याला मात्र वाटतं की बियाणंच वाईट होतं.

ही चूक कशी पकडायची? बियाणं त्याच्या जाडीच्या दुप्पट ते चौपट खोल पेरावं, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. भेंडीचं बी चार-पाच मिलिमीटर जाड असतं. म्हणजे खोली साधारण एक ते दोन सेंटिमीटर यायला हवी. अर्धा ते एक इंच म्हणजे सव्वा ते अडीच सेंटिमीटर. हा आकडा ठोकताळ्याच्या जवळ बसतो, पाच सेंटिमीटरचा बसत नाही.

पण खोली मोजायची कुठून? इजिप्तमध्ये पेरणीच्या दोन पद्धती आहेत. कोरड्या जमिनीत बी टाकून मग पाणी देण्याला 'अफीर' म्हणतात. आधी पाणी देऊन, वाफसा आल्यावर ओलीत बी टोकण्याला 'हिराती' म्हणतात. हिरातीत बियावर आधी ओली माती लोटतात आणि तिच्यावर कोरड्या मातीचा थर देतात, म्हणजे ओल टिकते. इथे 'अडीच सेंटिमीटर' एवढंच लिहिलं तर कोणी ती फक्त ओल्या मातीची खोली समजेल आणि वर कोरडी माती निराळी घालेल. म्हणून आम्ही लिहिलं, 'बियावर एकूण माती सव्वा ते अडीच सेंटिमीटर'. सोबत तर्जनीचं चित्र काढून तिच्या टोकाच्या पेरापाशी रेघ दाखवली. मोठ्या माणसाचं हे पेर अडीच सेंटिमीटरच्या आसपास असतं, आणि पेरणीच्या वेळी पट्टी कोणाच्या खिशात नसते.

दुसरी अडचण आकड्यांच्या रूपाची. इजिप्तमध्ये छापले जाणारे अंक आपल्यापेक्षा वेगळे आहेत. तिथला पाच हा आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि तिथलं शून्य म्हणजे नुसता टिंब. मग 'अडीच' हे २.५ असं दशांश टिंबाने लिहिलं तर काय होईल? टिंब जरा वर छापला गेला की तेच दोनशे पाच! दोन आणि तीन या अंकांत फरक आहे तो डोक्यावरच्या एका दात्याचा. पुसट छपाईत तोही जातो. म्हणून आम्ही दशांश पूर्णपणे टाळले आणि प्रत्येक महत्त्वाचा आकडा अंकात व अक्षरांत असा दोनदा लिहिला. मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशियात मात्र इंग्रजीसारखे अंक चालतात. म्हणजे भाषा अरबी आहे एवढं कळून पुरत नाही, देश कोणता हेही आधी विचारावं लागतं.

तिसरी अडचण आम्हांला सर्वांत उशिरा दिसली. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, पण संख्येतले अंक आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे वाढतात. आता '२८ × १२' पाहा. इंग्रजी पाकिटावर पहिला आकडा दोन ओळींतल्या अंतराचा होता, दुसरा दोन रोपांतल्या अंतराचा. हीच जोडी जशीच्या तशी अरबी ओळीत ठेवली की वाचणारा उजवीकडून सुरुवात करतो. त्याच्या लेखी ओळींतलं अंतर १२ इंच होतं आणि रोपांतलं २८. शब्द एकही चुकलेला नाही, आकडाही चुकलेला नाही, तरी शेत उलटं झालं! बारा इंचांवर सऱ्या पाडता येत नाहीत. पाडल्याच, तर दर दोन-तीन दिवसांनी भेंडी तोडायला आत जाणार कसं?

म्हणून गुणिलेची खूण काढून टाकून सरळ वाक्य लिहिलं : 'ओळ आणि ओळ यांत ७१ सेंटिमीटर, रोप आणि रोप यांत ३० सेंटिमीटर.' एवढ्यावर काम भागलं असतं, पण इजिप्तच्या शेतकऱ्यांची सऱ्या मोजण्याची रीत आणखी निराळी आहे. ते 'कसबा' हे माप धरतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ वेत किंवा बोरू. गावाच्या जुन्या पेठेला आपण कसबा म्हणतो तो शब्दही तिथलाच. एक कसबा ३.५५ मीटरचा असतो, आणि सऱ्यांचं अंतर 'दोन कसब्यांत इतक्या सऱ्या' असं सांगतात. दोन कसबे म्हणजे ७१० सेंटिमीटर. त्याला ७१ ने भागलं की बरोबर १० येतात. 'दोन कसब्यांत दहा सऱ्या' ही ओळ आम्ही कंसात घातली. बैलामागे असो की ट्रॅक्टरवर, सऱ्या पाडणाऱ्याला तीच कळते.

अंतर बरोबर उतरलं का, हे तपासायला एक हिशेब उपयोगी पडतो. इजिप्तमध्ये जमीन 'फद्दान'मध्ये मोजतात. एक फद्दान म्हणजे ४२०० चौरस मीटर, आपल्या एकराहून किंचित मोठा. ७१ सेंटिमीटर गुणिले ३० सेंटिमीटर म्हणजे एका रोपाला ०.२१३ चौरस मीटर जागा. त्यावरून एका फद्दानात सुमारे १९,७०० जागा होतात. प्रत्येक जागी दोन बिया आणि हजार बियांचं वजन सुमारे ६० ग्रॅम धरलं तर बियाणं लागतं २.४ किलो. पाकिटावर एकरी अडीच किलो लिहिलं आहेच. म्हणजे हिशेब जुळला. कोणी चुकून इंचांना सेंटिमीटर समजलं असतं, तर २८ गुणिले १२ सेंटिमीटरने बियाणं पंधरा किलोच्या घरात गेलं असतं आणि चूक लगेच उघडी पडली असती.

पण या हिशेबाची मर्यादाही लक्षात घ्या. ओळी आणि रोपं यांची अदलाबदल त्याला कळत नाही, कारण गुणाकार उलटा केला तरी उत्तर तेच येतं. ती चूक पकडायला माणूसच लागतो. पाकीट न पाहिलेल्या अरबी वाचकाला भाषांतर द्यायचं आणि कागदावर चार रोपं काढायला सांगायची. त्याच्या चित्रात ओळी कुठल्या बाजूला धावतात, हे पाहिलं की उलगडा होतो.

आता राहिलं पाणी. 'आठवड्याला १ इंच पाणी' या वाक्यातला इंच ही पाण्याच्या थराची जाडी आहे, जशी आपण पावसाची मोजतो. एक चौरस मीटरवर एक इंच थर म्हणजे सुमारे २५ लिटर, आणि एका फद्दानावर सुमारे १०७ घनमीटर. नुसतं 'एक इंच' असं भाषांतर केलं तर सरीत इंचभर पाणी उभं करा, असा अर्थ कोणीही घेईल. रेताड जमिनीत ठिबक वापरणाऱ्याला घनमीटरही नकोत, त्याला मिनिटं हवीत. प्रत्येक रोपाच्या ०.२१३ चौरस मीटरला आठवड्याला सुमारे साडेपाच लिटर पाणी लागेल. ताशी चार लिटरचा एक ड्रिपर प्रत्येक रोपाशी असेल, तर आठवड्याला एकूण ८० मिनिटं. सऱ्यांनी पाणी देणाऱ्याला हे जमणार नाही, कारण पाणी सरीच्या टोकापर्यंत पोचेतो थर इंचाहून जाड होतोच. तो फक्त दोन पाण्यांमधले दिवस कमी-जास्त करू शकतो.

इथवर सगळं रूपांतर होतं. पण एक प्रश्न रूपांतराने सुटला नाही. आठवड्याला एक इंच हा सल्ला मुळात अधूनमधून पाऊस पडणाऱ्या, थंड हवेच्या प्रदेशांतला आहे, आणि त्या इंचात पाऊसही धरलेला असतो. इजिप्तच्या उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच. नाईलच्या मुखाकडच्या प्रदेशातही भर उन्हाळ्यात भरल्या पिकाच्या शेतातून रोज सहा मिलिमीटरच्या आसपास पाणी उडून जातं. आठवड्याचे झाले ४२ मिलिमीटर, आणि पाकीट देतं २५. जसंच्या तसं भाषांतर केलं तर शब्द बरोबर राहतील आणि पीक सुकेल.

मग आकडा बदलायचा का? त्यावर आमच्यात बराच वाद झाला. शेवटी ठरलं की बदलायचा नाही. पाकीट छापणाऱ्याचं म्हणणं आपण आपल्या मनाने फिरवलं, तर वाचणाऱ्याला कुठलं वाक्य कोणाचं हे कळणार नाही. आम्ही मूळ आकडा मिलिमीटरमध्ये दिला, 'पावसासह' हा शब्द जोडला आणि खाली वेगळ्या चौकटीत, 'भाषांतरकाराची टीप' असं स्पष्ट म्हणून, लिहिलं : 'हा आकडा सौम्य हवामानाचा आहे. उन्हाळ्यात याहून जास्त पाणी लागतं. गावच्या मुर्शिद झिराईला, म्हणजे शेती सल्लागाराला, विचारून पाळी ठरवा.'

वर्गात यातला एक भाग सहज करून पाहता येईल. तीन कुंड्यांत चिकण माती भरा. भेंडीच्या दहा-दहा बिया एकीत एक, दुसरीत अडीच आणि तिसरीत पाच सेंटिमीटर खोल पेरा. मातीचा पृष्ठभाग वाळून पापुद्रा धरू द्या आणि रोज उगवलेली रोपं मोजा. दोन आठवड्यांनी तिसरी कुंडी उकरून तिथल्या बियांचं काय झालं, ते मुलांना पाहू द्या. पुसट झालेल्या एका तिरक्या रेघेची किंमत त्यांना तिथे दिसेल.