आजोबांना पत्र, पण परवानगीसाठी नव्हे

प्रेमविवाहावरून आईवडिलांशी भांडण होतं, रुसवेफुगवे होतात आणि पुढे निवळतातही. आजोबा मात्र भांडत नाहीत. ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणतात आणि बोलणं टाकतात. अशा वेळी पत्र कामी येतं, कारण ते वाचून लगेच उत्तर द्यावं लागत नाही.

समजा, साताऱ्याकडची एक नात पुण्यात नोकरीला आहे. दुसऱ्या जातीच्या मुलाशी तिनं लग्न ठरवलंय आणि विशेष विवाह कायद्याखाली ते नोंदवायचं आहे. १९५४च्या या कायद्यात मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षं पूर्ण लागतात. आजोबांची संमती लागत नाही. आजोबा नाही म्हणाले तरी ती थांबणार नसेल, तर ‘परवानगी द्या’ असं लिहिणं हा देखावा ठरतो. तिनं सरळ लिहावं : ‘आजोबा, लग्न मी ठरवलंय. तुम्ही हो म्हणावं म्हणून हे पत्र नाही. मी असं का ठरवलं, ते तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून आहे.’

त्यानंतर लगेच मुलाचं कौतुक सुरू करू नये. आधी आजोबांची काळजी लिहावी, तीही त्यांच्याच शब्दांत. ‘भावकीत तुम्हाला मान खाली घालावी लागेल, धाकटीची सोयरीक अडेल, कुळाचार कोण करणार, हे तुमच्या मनात आहे.’ यापुढे ‘पण’ आला की सगळं ओसरतं आणि वाद सुरू होतो. जिथं खरं उत्तर आहे, तिथं ते द्यावं : ‘जेजुरीला मी दरवर्षी येणार.’ धाकटीच्या सोयरिकीची हमी देता येत नाही. तसं कबूल करावं. ‘आता काळ बदललाय’ हे वाक्य तर टाळावंच. आजोबांच्या कानाला ते ‘तुमचे दिवस संपले’ असं ऐकू येतं.

मग मुलाची माहिती द्यावी. स्थळ बघताना आजोबा जे विचारतील तेच सांगावं : गाव कुठलं, घरी कोण, काम काय, व्यसन आहे का. शेवटी मागणं एकच, आणि जमण्यासारखं असावं : ‘तुम्हाला सगळ्यात जास्त काय टोचतं, ते मला सांगाल का?’

पत्र कधी पोचतं, यालाही महत्त्व आहे. लग्नाची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ३० दिवस लागते. मुलीचं कायमचं राहणं साताऱ्याचं असेल, तर तिची प्रत तिथल्या कार्यालयातही लावतात. तिथून बातमी भावकीत गेली, तर मागून आलेलं पत्र सारवासारव वाटतं. म्हणून पत्र नोटिशीच्या आधी पोचावं. अक्षर मोठं असावं, म्हणजे आजोबांना स्वतः वाचता येईल. दुसऱ्यानं वाचून दाखवलं तर त्याचा सूरही त्यात मिसळतो.

उत्तर आलं नाही, तर महिनाभरानं गावी जावं, पत्राचा विषय आपण काढू नये. आजोबांनी मुलाच्या गावाबद्दल एक प्रश्न जरी विचारला, तरी पत्राचं काम झालं.