ट्रॅक्टरचं चाक चिखलात नुसतंच फिरतंय? टायरवरचा बाण आधी बघा

येडगाव : पाऊस पडून गेला की धरणाच्या आणि कालव्याच्या कडेच्या काळ्या रानात ट्रॅक्टर रुतायला वेळ लागत नाही. टायर नवे, नक्षी भरपूर, तरी चाक जागेवर फिरतं. अशा वेळी टायरच्या बाजूवर उठावात कोरलेला छोटा बाण शोधा. ट्रॅक्टर पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं, त्याच दिशेला तो असायला हवा.

बाण सापडत नसेल तर ट्रॅक्टरच्या मागे उभे राहा. मागच्या टायरवरचे तिरपे पट्टे घराच्या छपरासारखे, म्हणजे टोक वर केलेले दिसले तर टायर बरोबर आहे. टोक खाली दिसलं तर उलटा बसलाय. बरोबर बसलेल्या टायरचा मधला भाग आधी जमिनीला लागतो आणि चिखल दोन्ही कडांना ढकलला जातो. उलट्या टायरमध्ये चिखल मधोमध गोळा होतो, पट्टे भरून गुळगुळीत होतात आणि चाक घसरतं. गंमत म्हणजे डांबरी रस्त्यावर यातलं काहीच जाणवत नाही.

ही चूक बऱ्याचदा नवा टायर बसवताना नाही, तर चाकांतलं अंतर बदलताना होते. समजा उसाच्या सरीसाठी मागची चाकं रुंद करायची आहेत. त्यासाठी रिमसकट अख्खं चाक फिरवून आतली बाजू बाहेर केली आणि त्याच बाजूला परत बसवलं. अंतर वाढलं, पण बाण उलटा झाला! म्हणून चाक पलटवलं की डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे न्यायचं. दोनदा उलटल्यावर दिशा पुन्हा सरळ होते. उलट, चाक न पलटवता नुसती बाजू बदलली तरी बाण चुकतो. दोन्ही टायर रिमवरच उलटे बसले असतील तर मात्र हीच अदलाबदल कामी येते, टायर उतरवायची गरज पडत नाही. टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर चाक फार जड असतं, ते एकट्याने हलवू नका.

हा नियम ओढणाऱ्या चाकांचा आहे. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या चाकांनाही लागू. ट्रेलरच्या चाकांना तो लागू नाही.

चारचाकीचं थोडं वेगळं आहे. टायरवर ‘रोटेशन’ आणि बाण असेल तर चाकांची अदलाबदल एकाच बाजूला पुढे-मागे करायची. ‘आउटसाइड’ लिहिलेलं असेल तर गाडीबाहेर उभं राहून चारही चाकांवर तेच अक्षर दिसायला हवं. ‘इनसाइड’ दिसलं तर टायर रिमवरून उतरवून पलटवावाच लागतो, नुसती चाकं बदलून भागत नाही. मोटारसायकलच्या काही टायरवर दोन बाण असतात, एक पुढच्या चाकासाठी, दुसरा मागच्यासाठी, आणि दोघांची तोंडं विरुद्ध. बाणाशेजारचं अक्षर वाचल्याशिवाय चाक कसू देऊ नका.