डोमेन कुणाच्या नावावर आहे?

तालुक्याच्या गावचं एखादं सार्वजनिक वाचनालय घ्या. त्याच्या वेबसाइटवर पुस्तकांची यादी, वार्षिक अहवाल आणि व्याख्यानमालेच्या तारखा आहेत. एक सभासद हे सगळं हौसेनं, एक पैसा न घेता सांभाळत आला. आता तो थांबतोय. जूनच्या सर्वसाधारण सभेत नवी कार्यकारिणी निवडून आली आणि त्यानं कार्यवाहांच्या हातात एक कागद दिला. त्यावर साइटचा पत्ता, एक यूजरनेम आणि एक पासवर्ड. कागद कपाटात गेला. पण त्याच्या आधारे नव्या मंडळींना साइटवर बातमी टाकता येते, एवढंच. साइट त्यांच्या ताब्यात आलेली नसते.

वेबसाइटचा ताबा तीन ठिकाणी विभागलेला असतो. बातम्या आणि फोटो चढवायची जागा, म्हणजे बहुतेक ठिकाणी वर्डप्रेसचं खातं, हे पहिलं. ज्या कंपनीच्या सर्व्हरवर साइट ठेवलेली असते तिथलं होस्टिंगचं खातं हे दुसरं. आणि साइटचं नाव, म्हणजे डोमेन, ज्या कंपनीकडे नोंदवलेलं असतं तिथलं खातं हे तिसरं. रोजच्या वापरात फक्त पहिलं येतं, म्हणून कागदावरही तेवढंच उतरतं. खरं वजन तिसऱ्याचं आहे. वर्डप्रेस बिघडलं तर होस्टिंगमधून दुरुस्त करता येतं, होस्टिंग गेलं तरी बॅकअप असेल तर दुसरीकडे साइट उभी करता येते. डोमेन हातचं गेलं, की तो पत्ता लोकांना दुसऱ्याच कुणाकडे नेऊ लागतो.

म्हणून कार्यभाराची नोंद लिहिताना मी प्रत्येक खात्याला एकच प्रश्न विचारतो: पासवर्ड विसरलो, तर हे खातं कुणाला विचारेल? डोमेनचं खातं एका ईमेलवर लिंक पाठवतं. तो ईमेल एका मोबाइलवर ओटीपी पाठवतो. तो मोबाइल जुन्या सभासदाच्या खिशात असेल, तर पासवर्ड कपाटात असूनही ताबा त्याच्याकडेच राहतो. माणूस भला असला तरी नंबर बदलतो, परगावी जातो, आजारी पडतो. नोंदीत म्हणूनच प्रत्येक खात्यासमोर त्याच्या पाठीमागचा ईमेल आणि त्या ईमेलच्या पाठीमागचा मोबाइल लिहायला हवा. पासवर्ड मात्र नोंदीत लिहू नयेत. ते पासवर्ड मॅनेजरमध्ये किंवा सीलबंद पाकिटात अध्यक्षांकडे असावेत, आणि ते कुठे आहेत एवढंच नोंदीत असावं.

हा ईमेल वाचनालयाच्याच डोमेनवरचा असला, तर मोठा घोटाळा होतो. डोमेनची मुदत संपून ते बंद पडलं की त्यावरचे ईमेलही बंद पडतात. मग मुदतवाढीची आठवण आणि पासवर्ड बदलायची लिंक, दोन्ही पोचत नाहीत. घराची किल्ली कुलूपबंद घरातच राहून जावी तसं होतं. डोमेनच्या खात्यासाठी वेगळा, बाहेरचा ईमेल हवा, आणि तो अधूनमधून उघडायलाही हवा. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक जीमेल खातं गूगल पुसून टाकू शकतं.

समजा, आपल्या वाचनालयाच्या `.org` डोमेनची मुदत 12 ऑगस्टला संपते. नियमाप्रमाणे नोंदणी कंपनीनं साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी आठवण पाठवायची असते, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांत आणखी एकदा. ही पत्रं जुन्या सभासदाच्या ईमेलवर जातात. पुढे जास्तीत जास्त 45 दिवस, म्हणजे 26 सप्टेंबरपर्यंत, नेहमीच्या पद्धतीनं पैसे भरून नाव परत मिळू शकतं. मात्र बऱ्याच कंपन्या इतके दिवस देत नाहीत, काही तर या काळात नावाचा लिलावही करतात. त्यानंतरचे 30 दिवस, 26 ऑक्टोबरपर्यंत, नाव सोडवून घेता येतं, पण त्यासाठी जबर दंड पडतो. शेवटचे पाच दिवस कुणालाच काही करता येत नाही. 31 ऑक्टोबरनंतर ते नाव जगातल्या कुणीही घ्यावं. जुन्या, लोकांना माहीत असलेल्या नावांवर टपून बसलेले धंदेवाईक लोक असतात, आणि वाचनालयाच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात त्या यामुळेच.

मुदत कधी संपते हे `lookup.icann.org` इथे नाव टाकून कुणालाही पाहता येतं. पण तिथे एक चकवा आहे. मुदत संपताच मध्यवर्ती नोंदवही नावाला आपोआप एक वर्ष पुढे ढकलते. कंपनीनं पैसे मिळाले नाहीत म्हणून नाव सोडलं, की ते वर्ष मागे घेतलं जातं. त्यामुळे संकटाच्या त्या दिवसांत पुढच्या वर्षाची तारीख दिसते आणि कार्यवाह निश्चिंत होतात. तिथेच स्थितीच्या रकान्यात `auto renew period` असे शब्द दिसले, तर पैसे भरल्याची पावती आहे का ते आधी तपासावं. पावती नसेल तर घड्याळ सुरू झालेलं आहे. ऑटो रिन्यूवरही विसंबू नये. खात्याला जोडलेलं कार्ड बहुधा जुन्या सभासदाचं असतं, आणि भारतीय कार्डांवरून ठरावीक मुदतीनं आपोआप पैसे कापण्याचे रिझर्व्ह बँकेचे नियम 2021 पासून कडक असल्यानं परदेशी कंपन्यांची अशी वसुली पुष्कळदा अडते.

डोमेन वाचनालयाच्या नावावर करून घेण्याचं काम सभेनंतर लगेच करावं. नोंदीतला मालक बदलला, की अनेक कंपन्या ते नाव 60 दिवस दुसऱ्या कंपनीकडे हलवू देत नाहीत. पैसे भरून मुदत वाढवता मात्र येते, तेव्हा आधी मुदत वाढवावी, मग मालकाचं नाव बदलावं.

नव्या समितीच्या हातून घडणारा दुसरा अपघात स्वस्त होस्टिंगकडे जाताना होतो. नवी कंपनी सांगते, नेमसर्व्हर बदला. ते बदलले की साइट छान दिसते, पण पत्रं येणं थांबतं. डोमेनचे ईमेल कुठे पोचवायचे हे सांगणारी `MX` नावाची नोंद जुन्या नेमसर्व्हरवरच राहिलेली असते. साइट डोळ्यांसमोर सुरू असल्यानं कुणाला शंकाही येत नाही. कुणी तरी फोन करून विचारतं, आमच्या पत्राचं उत्तर का नाही? जाणाऱ्यानं डीएनएसच्या सगळ्या नोंदींची नक्कल कार्यभारात जोडली असेल, तर नव्या जागी त्या तशाच भरून हा गोंधळ टळतो.

बॅकअपबद्दल एवढंच की वर्डप्रेसचा बॅकअप म्हणजे डेटाबेस आणि `wp-content` हा फोल्डर, दोन्ही. मजकूर पहिल्यात असतो, फोटो दुसऱ्यात. तो दुसऱ्या जागी उघडून पाहिल्याखेरीज बॅकअप आहे असं म्हणू नये.

प्रत्यक्ष देण्याघेण्याच्या दिवशी दोघांनी शेजारी बसावं आणि कळफलक नव्या माणसाच्या हातात असावा. त्यानं आपल्या यंत्रावरून प्रत्येक खात्यात शिरावं, ओटीपीचा मोबाइल बदलावा, अडीअडचणीचे बॅकअप कोड नव्यानं काढावेत, आणि बाहेर पडून पुन्हा शिरून दाखवावं. त्यानंतरच जुन्याचा प्रवेश काढायचा. इथे वर्डप्रेसपुरती एक खबरदारी घ्यावी. खातं पुसताना तो विचारतो, या सदस्याचा मजकूर पुसायचा की दुसऱ्याच्या नावे करायचा? घाईत पहिला पर्याय निवडला, तर त्यानं वर्षानुवर्षं चढवलेल्या सगळ्या बातम्या जातात. खातं पुसूच नये, त्याचा दर्जा फक्त वाचकाचा, म्हणजे `Subscriber`, करावा. त्याचं नाव जुन्या लेखांवर राहतं, आणि ते राहायलाच हवं.