आज भजीची पोस्ट की ताकाची?

मे महिन्यात दुपारी आभाळ भरून आलं की पुण्यातल्या भजीवाल्याला एकदम दोन कामं करावी लागतात. कांदा चिरायला घ्यायचा आणि गिऱ्हाइकांना कळवायचं. दुसरं काम आता हवामानाच्या अंदाजावर सोपवता येतं. तीन पोस्ट आधीच तयार ठेवायच्या: एक गरम भजी-चहाची, एक थंड ताक-पियूषची, एक रोजची साधी. त्यातली कोणती इन्स्टाग्रामवर जाणार, हे अंदाजाचे आकडे ठरवतात.

हे आकडे देणाऱ्या अनेक सेवा आहेत. ओपन-मेटिओ ही त्यातली वापरायला सोपी. अक्षांश-रेखांश दिले की ती तासातासाचा अंदाज पाठवते:

```
https://api.open-meteo.com/v1/forecast?latitude=18.51&longitude=73.81&hourly=precipitation,precipitation_probability,apparent_temperature&timezone=Asia/Kolkata
```

हा फुकटचा पत्ता करून बघण्यापुरता. धंद्यासाठी पैसे भरून वेगळा पत्ता घ्यावा लागतो. शेवटचा `timezone` मात्र विसरू नये. तो नसेल तर वेळा ग्रिनिचच्या येतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या, आणि संध्याकाळचा पाऊस दुपारचा वाटतो. पोस्ट भलत्याच वेळी जात असेल तर आधी इथे बघावं.

आता कोथरूडचं एक दुकान धरू. तिथे निर्णयाची वेळ दुपारी एक. त्याआधी घेतला तर वळवाचा अंदाज पुन्हा बदलतो, आणि उशिरा घेतला तर जास्तीचा कांदा आणून चिरायला वेळ उरत नाही. समजा संध्याकाळी 4, 5, 6 आणि 7 समोर पाऊस आला 0, 0.4, 1.8 आणि 0.6 मिलिमीटर, आणि शक्यता 35, 60, 70 आणि 55 टक्के. प्रत्येक आकडा त्याआधीच्या तासाचा, म्हणजे 7 समोरचा पाऊस 6 ते 7 मधला. नियम असा ठेवलाय: चार आकड्यांची बेरीज निदान 2 मिलिमीटर आणि सर्वांत मोठी शक्यता निदान 60 टक्के. इथे बेरीज 2.8 आणि शक्यता 70, म्हणून भजी. दोन्हींपैकी एक जरी कमी पडलं तर चार वाजताचं जाणवणारं तापमान बघायचं. ते 38 अंशांच्या वर असेल तर ताक, नाहीतर साधी पोस्ट.

नुसत्या टक्क्यांवर विसंबू नये, कारण त्या तासात 0.1 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस होण्याची ती शक्यता असते. एवढ्याने अंगण धड भिजत नाही. शिवाय ती सुमारे 27 किलोमीटरच्या चौकटीसाठी काढलेली असते. त्या चौकटीत कोथरूडही येऊ शकतं आणि हडपसरही, आणि वळीव तर एका पेठेत कोसळतो नि दुसरी कोरडी ठेवतो. म्हणून पोस्टमध्ये ‘पाऊस पडतोय’ असं कधीच लिहू नये. ‘संध्याकाळी गरम भजी तयार’ हे वाक्य कोरड्या संध्याकाळीही खरंच राहतं.

खरी परीक्षा जुलैत. संततधार लागली की अट रोज पुरी होते, रोज तीच पोस्ट जाते आणि लोक ती बघणं सोडून देतात. माझ्या मते या महिन्यात पावसापेक्षा बदलाला महत्त्व द्यावं. मागच्या तीन संध्याकाळी कोरड्या गेल्या असतील तरच भजीची पोस्ट जावी, एरवी साधी.

आणि काही दिवशी काहीच जाऊ नये. 25 जुलै 2024 रोजी खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं. धरणातून किती पाणी सोडलं, हे पावसाच्या आकड्यांत दिसत नाही. अशा दिवशी ‘मस्त पाऊस, गरम भजी’ असं वाचणाऱ्याला ते लागतं, आणि पार्सल पोचवणाऱ्या मुलाला तर त्याच पाण्यातून जावं लागतं. म्हणून हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर तिन्ही पोस्ट थांबवायच्या, आणि मालकाच्या फोनवर एक बटण हवं, जे सगळे नियम बाजूला सारेल. अंदाज आलाच नाही, किंवा कालचाच आला, तरी गप्प बसणं बरं.

पोस्टचा उपयोग होतो का, हे गल्ल्यावरून लगेच कळत नाही. पाऊस पडला की भजी तशीही खपतात. म्हणून नियम भजी म्हणेल त्या दिवशी नाणं उडवावं: छापा आला तर पोस्ट टाकायची, काटा आला तर नाही. वहीत अंदाज, प्रत्यक्ष पाऊस, पोस्ट गेली की नाही आणि किती प्लेट गेल्या, एवढंच लिहावं. शनिवार-रविवार वेगळे काढावेत, कारण त्या दिवशी गर्दी असतेच. पोस्ट गेलेल्या आणि न गेलेल्या पावसाळी संध्याकाळी शेजारी ठेवून प्लेटा मोजल्या, की त्यातल्या किती पावसाच्या आणि किती पोस्टच्या, याचा अंदाज येतो. त्यासाठी एक पावसाळा लागतो.