दरबारी लावूनही झोप का मोडते?

रात्री झोप लागावी म्हणून अनेक घरांत रात्रीचा राग शोधला जातो. दरबारी, मालकंस, बागेश्री अशी नावं टाकली की तासाभराची रेकॉर्डिंग्ज समोर येतात. निवड रागाच्या नावावरून होते आणि तिथेच गफलत होते. झोपेच्या दृष्टीने राग कुठला यापेक्षा लय काय आहे आणि ती पुढे कुठे जाते, हे जास्त महत्त्वाचं असतं.

इटलीतले डॉक्टर लुचियानो बर्नार्डी यांच्या गटाने 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 12 संगीतकार आणि 12 संगीत न शिकलेल्या माणसांना त्यांनी वेगवेगळं संगीत ऐकवलं. त्यात भारतीय राग होता, पाश्चात्त्य अभिजात संगीत होतं, टेक्नो आणि रॅपही होतं. लय वाढली की श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढत गेले. संगीताचा प्रकार आणि ऐकणाऱ्याची आवड यांचा प्रभाव त्यामानाने कमी होता.

आता दरबारीच्या ख्यालाचं एखादं तासाभराचं रेकॉर्डिंग घेऊ. सुरुवातीला संथ आलाप असतो. मग अतिविलंबित एकतालात बडा ख्याल सुरू होतो. इथे एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची असू शकते, म्हणजे बारा मात्रांचं एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालतं. एवढ्या संथ लयीत झोप यायला हवी. पण तबलजी मात्रांमधल्या जागा बोलांनी भरत असतो, शिवाय आवर्तन समेकडे येताना कान आपोआप टवकारतात. पुढे बोलताना, ताना येतात. पाऊण तासाच्या आसपास, म्हणजे डोळा लागलेला असताना, द्रुत बंदिश किंवा तराणा सुरू होतो आणि मैफल प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित केलेली असेल तर शेवटी टाळ्यांचा कडकडाट होतो. झोपेतही मेंदू आवाजातले बदल टिपत असतो. सलग चालणारा आवाज तो सहज सोडून देतो, अचानक वाढलेल्या आवाजाला मात्र दाद देतो. सतार-सरोदच्या वादनातही तेच: आलापानंतर जोड येतो, मग झाला, आणि झाल्यात तर तारांचा नुसता वर्षाव असतो.

म्हणून माझं मत असं, की झोपेसाठी पूर्ण मैफल लावू नये, फक्त आलाप लावावा. आलापाला ताल नसतो, त्यामुळे पुढच्या ठोक्याची वाट पाहणं उरत नाही. बासरीचा सूर हळूच सुरू होतो आणि हळूच विरतो. संतूरच्या प्रत्येक सुरावर मात्र काडीचा आघात असतो, म्हणून हलकी झोप असणाऱ्याने बासरीला किंवा नुसत्या तानपुऱ्याला पसंती द्यावी.

तालातलंच गाणं हवं असेल तर लय मोजून घ्यावी. पाय सहज ज्या ठेक्यावर हलतो ते ठोके 15 सेकंद मोजून चारने गुणायचे. 60 ते 80 च्या दरम्यान उत्तर आलं तर ठीक, कारण शांत बसलेल्या माणसाची नाडीही साधारण तेवढीच चालते. पण विलंबित ख्यालात पाहिलं तसं, आकड्यावर विसंबू नये. ठोक्यांच्या मधे किती काय वाजतंय तेही ऐकावं. रेकॉर्डिंग निवडताना सुरुवात ऐकून थांबू नये, दिवसा मधला आणि शेवटचा भागही ऐकून पाहावा.

शब्द नसले म्हणजे झालं, अशीही एक समजूत आहे. ओळखीच्या सिनेगीतांच्या बासरीवरच्या चाली त्यामुळे खूप लावल्या जातात. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन यांनी 2021 मध्ये गाजलेल्या गाण्यांवर प्रयोग केला, तेव्हा शब्दांसह ऐकलेल्या गाण्यांपेक्षा नुसत्या वाद्यांवर ऐकलेली तीच गाणी लोकांच्या डोक्यात जास्त घोळत राहिली आणि त्यांची झोपही बिघडली.

आवाज एवढाच ठेवावा की हळू बोललेलं ऐकू यावं. मोबाइलवर जाहिराती आणि आपोआप सुरू होणारं पुढचं गाणं बंद करावं आणि 45 मिनिटांचा टायमर लावावा. बुडापेस्टमध्ये झोपेची तक्रार असलेल्या विद्यार्थ्यांवर 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज एवढाच वेळ शांत अभिजात संगीत ऐकवलं होतं. तीन आठवड्यांत त्यांची झोप सुधारली, बोलकी पुस्तकं ऐकणाऱ्यांची नाही. तेव्हा पहिल्याच रात्री निकाल लावू नये. बर्नार्डींना संगीत मध्येच थांबवल्यावरच्या दोन मिनिटांच्या शांततेत नाडी आणि रक्तदाब सुरुवातीपेक्षाही खाली गेलेले दिसले होते, त्यामुळे टायमरने संगीत बंद पडणं फायद्याचंच.

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, किंवा तीन महिन्यांहून जास्त काळ आठवड्यातून तीन-चार रात्री झोप न येणं, याला संगीत पुरं पडणार नाही, त्यासाठी डॉक्टरच गाठावेत. बाकीच्यांनी मध्यरात्री जाग आल्यावर एवढंच पाहावं की डोक्यात तोच मुखडा फिरतोय का. फिरत असेल, तर दुसऱ्या दिवशी ते रेकॉर्डिंग बदलावं.