पत्रातले ऑप्शन नेमके कधी तुमचे होतात?

घोडेगावातून हिंजवडीला किंवा खराडीला नोकरीला गेलेल्या मुलाच्या हातात स्टॉक ऑप्शनचं पत्र पडलं की घरी सांगितलं जातं, ‘४,८०० शेअर मिळाले.’ पहिला गैरसमज इथेच होतो. ते शेअर नसून ठरलेल्या भावाने शेअर विकत घेण्याचा हक्क आहे, आणि तोही हप्त्याहप्त्याने मिळायचा आहे. शेअर प्रत्यक्ष नावावर होईपर्यंत ना लाभांश, ना मत.

हक्क पक्का होणं म्हणजे व्हेस्टिंग. पहिला हप्ता पक्का होईपर्यंतचा, काहीच हाती न येणारा काळ म्हणजे क्लिफ. कंपनी कायद्याच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे ऑप्शन दिल्यापासून पहिल्या व्हेस्टिंगपर्यंत निदान एक वर्ष जावंच लागतं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मुलगा १ जून २०२३ ला रुजू झाला, पण संचालक मंडळाने ऑप्शन दिले १ ऑक्टोबरला. मुदत चार वर्षांची, क्लिफ एक वर्षाचा. १ ऑक्टोबर २०२४ ला १,२०० ऑप्शन पक्के होणार आणि पुढे दरमहा १००. जुलै २०२४ मध्ये ‘वर्ष तर झालं’ म्हणून त्याने नोकरी सोडली, तर हाती शून्य. वर्ष मोजायचं ते ग्रँटच्या तारखेपासून, रुजू झाल्याच्या नव्हे. नोटीस पीरियडही गृहीत धरू नका. काही योजनांत राजीनामा दिला त्याच दिवशी व्हेस्टिंग थांबतं, काहींत शेवटच्या कामाच्या दिवशी. ती ओळ बहुधा पत्रात नसते, त्यात उल्लेख केलेल्या योजनेच्या मसुद्यात असते. तो मसुदा एचआरकडून मागून घ्या, तोही राजीनाम्याआधी.

आता तो १ एप्रिल २०२५ ला, दीड वर्ष भरल्यावर बाहेर पडला असं धरू. १,८०० पक्के, उरलेले ३,००० रद्द. ‘पक्के झाले म्हणजे कायमचे माझे’ हा दुसरा मोठा गैरसमज, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा. नोकरी सोडल्यावर ते वापरायला योजनेत मुदत असते, पुष्कळदा ९० दिवसांची. ती टळली की हे १,८०० सुद्धा गेले.

वापरायचे तर खर्च किती? ठरलेला भाव १० रुपये असेल तर १८,००० रुपये. पण शेअरचं बाजारमूल्य २१० ठरलं, तर दर शेअरमागचा २०० रुपयांचा फरक, म्हणजे ३,६०,००० रुपये, पगाराचं उत्पन्न धरलं जातं. ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून कर १,१२,३२० रुपये. म्हणजे एकूण सव्वा लाखाच्या वर रोख मोजायची, आणि कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसेल तर ते शेअर विकायला गिऱ्हाईकही सहज मिळत नाही. पात्र स्टार्टअपमध्ये हा कर पुढे ढकलता येतो, पण नोकरी सोडली की ती सवलत संपते.

एक गोष्ट घरच्यांना ठाऊक असायला हवी. नोकरीत असताना कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला, तर तोवर दिलेले सगळे ऑप्शन, क्लिफ पूर्ण झालेला नसला तरी, नॉमिनी किंवा कायदेशीर वारसांच्या नावे पक्के होतात. म्हणून पत्राची एक प्रत घरीही ठेवा.